ड्राइव्ह बंद, पंप चालू : बायपासची आडवाट

पुण्यात पूर्वी इमारतीच्या पाण्याची व्यवस्था सोपी असे. महापालिकेचे पाणी जमिनीखालच्या टाकीत यायचे, तेथून पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचा आणि घराघरांत पाणी उतारानेच पोहोचायचे. वीज गेली किंवा पंप बिघडला, तरी गच्चीवरची टाकी रिकामी होईपर्यंत काही तास हातात असत. आता बाणेर, खराडी, बावधन किंवा हडपसरच्या अनेक उंच इमारतींत दाबावर चालणारी यंत्रणा असते. तिथे तळघरातला पंप थेट नळांपर्यंत पाणी ढकलतो. वरच्या मजल्यांवर शॉवरला चांगला दाब मिळतो आणि विजेची बचतही होते. मात्र पंप थांबला की काही मिनिटांत नळ कोरडा पडतो.

गैरसोय तेवढ्यावर थांबत नाही. उभ्या नळातला दाब उतरला आणि खालच्या मजल्यावर कुणी नळ उघडला, की वरच्या घरांतले पाणी खाली ओढले जाते. त्या वेळी वरच्या घरात बादलीत बुडालेली रबरी नळी किंवा हँडशॉवर उघडा राहिला असेल, तर बादलीतले वापरलेले पाणी पिण्याच्या नळात शोषले जाऊ शकते. म्हणूनच पंप बंद पडणे हा सोयीइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे. दाब पूर्णपणे गेल्यानंतर पाणी परत आले, तर पहिले काही लिटर सोडून द्यावे आणि नंतरचे पिण्यासाठी घ्यावे, हा साधा नियम त्यामुळेच पाळायचा असतो.

अशा यंत्रणेत बंद पडतो तो बहुतेक वेळा पंप नसतो, मोटरही नसते. बंद पडतो तो त्यांच्या आधी बसवलेला इलेक्ट्रॉनिक डबा, म्हणजे व्हीएफडी किंवा बोलीभाषेतला ‘ड्राइव्ह’. मोटर धडधाकट आहे, पॅनेलपर्यंत वीज आली आहे, खालच्या टाकीत पाणी आहे आणि तरी इमारत कोरडी, अशी चमत्कारिक अवस्था तेव्हा येते. तिच्यावरचा उपाय म्हणजे बायपास : ड्राइव्हला बाजूला ठेवून मोटरीला थेट मुख्य विजेवर चालवणारी कॉन्टॅक्टरची आडवाट. अनेक पॅनेलवर तिचा निवडस्विच असतो. तो फिरवण्याआधी काय पाहायचे, हे मात्र पंपरूममध्ये क्वचितच कुणाला सांगितलेले असते.

ड्राइव्ह नेमके काय करतो?

पॅनेलमध्ये येणारी वीज ४१५ व्होल्ट, तीन फेजची आणि ५० हर्ट्झची असते. तिच्यावर थेट जोडलेली मोटर एकाच वेगाने फिरते. ड्राइव्ह या विजेचे आधी एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. आतल्या कपॅसिटरवर त्या वेळी सुमारे ५८५ व्होल्ट असतात. मग वेगाने चालू-बंद होणारे अर्धवाहक स्विच वापरून ड्राइव्ह त्यातून हव्या त्या वारंवारतेची वीज तयार करतो. वारंवारता कमी केली की मोटरीचा वेग कमी होतो.

पंपाच्या बाबतीत वेग थोडा उतरला तरी बराच फरक पडतो. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ५० ऐवजी ४० हर्ट्झवर, म्हणजे ऐंशी टक्के वेगाने, पंप ६४ टक्के दाब देतो आणि सुमारे निम्मीच शक्ती घेतो. नळावरचा दाब मोजणारा सेन्सर ड्राइव्हला सतत माहिती पुरवतो आणि ड्राइव्ह वेग कमी-जास्त करत दाब स्थिर ठेवतो.

याखेरीज ड्राइव्ह आणखी एक काम करतो, आणि ते सहसा लक्षात येत नाही. तो मोटरीचा पहारेकरीही असतो. प्रवाह वाढला, एक फेज गेला, मोटरीची गुंडाळी जमिनीला लागली, तर तो क्षणात वीज तोडतो. पॅनेलच्या पडद्यावर दिसणारा ‘ट्रिप’ हा शब्द म्हणूनच दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगू शकतो. एक म्हणजे ड्राइव्ह स्वतः बिघडला. दुसरी म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत आहे, पण मोटरीत किंवा केबलमध्ये काहीतरी बिघडल्याने त्याने काम करायला नकार दिला. बायपासचा सारा शहाणपणा हा फरक ओळखण्यात आहे.

तीन कॉन्टॅक्टरांची वाट

कॉन्टॅक्टर म्हणजे विजेच्या चुंबकाने बंद-उघड होणारा दणकट स्विच. चांगल्या बायपास पॅनेलमध्ये असे तीन असतात. पहिला मुख्य वीज आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये, दुसरा ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये, आणि तिसरा थेट मुख्य वीज आणि मोटर यांच्यामध्ये. रोजच्या कामात पहिले दोन लागलेले असतात आणि तिसरा उघडा असतो. बायपासवर जाताना पहिले दोन उघडतात आणि तिसरा लागतो.

दुसरा आणि तिसरा कॉन्टॅक्टर एकाच वेळी कधीही लागता कामा नयेत. तसे झाले तर मुख्य वीज मागल्या दाराने ड्राइव्हच्या बाहेर जाणाऱ्या टोकांवर आदळते आणि आतले अर्धवाहक स्विच डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जळतात. म्हणून तिथे दुहेरी बंदोबस्त करतात. एका कॉन्टॅक्टरचा साहाय्यक संपर्क दुसऱ्याच्या कॉइलच्या वाटेत घालतात, म्हणजे एक लागलेला असताना दुसऱ्याला वीजच मिळत नाही. शिवाय दोघांमध्ये एक यांत्रिक अडसर बसवतात. समजा, एखाद्या कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटले, तरी अडसरामुळे दुसरा लागू शकत नाही. पॅनेल बनवणाऱ्याने केवळ पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये ‘दोन्ही एकदम लावू नये’ असे लिहून काम भागवले असेल, तर तो बंदोबस्त अपुरा आहे. चिकटलेला संपर्क प्रोग्रॅमचे ऐकत नाही.

दुसरी खबरदारी वेळेची. ड्राइव्ह थांबवला, दुसरा कॉन्टॅक्टर उघडला, की मोटर लगेच शांत होत नाही. ती काही क्षण फिरत असते आणि तिच्या टोकांवर स्वतःचा व्होल्टेज शिल्लक असतो. त्याच वेळी मुख्य वीज जोडली आणि दोन्ही लहरींचा मेळ बसला नाही, तर नेहमीच्या सुरुवातीच्या प्रवाहाहूनही मोठा झटका बसतो. म्हणून मध्ये दोन-तीन सेकंदांचा टायमर ठेवतात. पाण्याचा पंप तसाही लवकर थांबतो, त्यामुळे या विलंबाने नळावर काहीच फरक जाणवत नाही.

तिसरी खबरदारी दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवाची. बायपासवर पंप चालू असताना ड्राइव्ह दुरुस्त करता यावा, हा या व्यवस्थेचा मोठा फायदा मानतात. पण त्या वेळी दुसऱ्या कॉन्टॅक्टरच्या मोटरीकडच्या टोकांवर ४१५ व्होल्ट असतात, आणि उघडलेला कॉन्टॅक्टर म्हणजे सुरक्षित तोड नव्हे. ड्राइव्हच्या दोन्ही बाजूंना कुलूप लावता येईल असे आयसोलेटर हवेत. ते नसतील तर आधी पंप थांबवून सगळे पॅनेल बंद करावे लागते. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमधला भार उतरायला काही मिनिटे लागतात. किती वेळ थांबायचे ते ड्राइव्हवरच लिहिलेले असते आणि तो वेळ खरोखर थांबायचे असते.

आजारी कोण : ड्राइव्ह की मोटर?

पंप थांबला की निवडस्विच बायपासवर फिरवायचा, ही सवय धोक्याची आहे. मोटरीची गुंडाळी जळून जमिनीला लागली असेल, तर ड्राइव्हने वीज तोडून तिला वाचवायचा प्रयत्न केलेला असतो. त्याच मोटरीवर बायपासने थेट वीज घातली, तर दुरुस्त होण्याजोगी गुंडाळी पुरती जळते, केबल तापते आणि कधी कॉन्टॅक्टरही फुटतो. त्यामुळे आधी ड्राइव्हच्या पडद्यावरचा संदेश वाचून लिहून घ्यावा. ‘रिसेट’ दाबल्यावर चालू दोष पडद्यावरून जातो आणि मग तो जुन्या नोंदींतून शोधावा लागतो.

पडदा पूर्ण काळा असेल, तर आधी तिन्ही फेज येत आहेत का आणि फ्यूज शाबूत आहेत का ते तपासतात. वीज नीट येत असूनही पडदा काळाच राहिला, तर ड्राइव्ह गेला असे समजायला हरकत नाही. बायपास खऱ्या अर्थाने याच प्रसंगासाठी आहे. संदेश ड्राइव्ह तापल्याचा असेल, तर त्याचा छोटा पंखा आणि धुळीने भरलेल्या जाळ्या पाहाव्यात. अनेकदा सफाई करून थोडा वेळ थांबले की काम होते. उष्णतेने ड्राइव्हचे आयुष्यही घटते. आतल्या कपॅसिटरचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या पंपरूममध्ये ड्राइव्ह वारंवार का जातात, याचे उत्तर त्यात आहे.

संदेश दाबाच्या सेन्सरचा असेल, तर ड्राइव्ह आणि मोटर दोन्ही ठीक असतात. सेन्सरची तार तुटली किंवा त्यात पाणी गेले, एवढेच घडलेले असते. अशा वेळी बायपासची गरजच नसते. ड्राइव्ह ‘हँड’वर घेऊन एका ठरावीक, कमी वारंवारतेवर चालवता येतो. दाब मर्यादेत राहतो आणि ड्राइव्हचा पहाराही कायम राहतो.

संदेश जमिनीला गळतीचा, अतिप्रवाहाचा किंवा मोटरीवरच्या अतिभाराचा असेल, तर मात्र बायपासला हात लावायचा नाही. इलेक्ट्रिशियन मोटरीची केबल ड्राइव्हपासून सोडवतो आणि मेगरने गुंडाळीचा रोध तपासतो. केबल सोडवणे अत्यावश्यक, कारण मेगरचे ५०० व्होल्ट ड्राइव्हमध्ये गेले तर चांगला ड्राइव्हही निकामी होतो. निरोगी मोटरीत हा रोध शेकडो मेगाओहम असू शकतो. तो एक मेगाओहमच्या खाली असेल, तर मोटर कोणत्याही वाटेने चालवू नये. रोध चांगला निघाला, पंपाचा दांडा हाताने मोकळा फिरला आणि मोटर सोडवलेली असतानाही ड्राइव्ह तोच दोष दाखवत राहिला, तर दोष ड्राइव्हचा. मग निर्धास्तपणे बायपास घ्यावा.

अकरा मजल्यांचा हिशेब

बायपासवर गेल्यावर पाण्याचे काय होते, हे एका काल्पनिक पण नेहमीच्या मापाच्या इमारतीवरून पाहू. सर्वांत वरचा नळ पंपापासून ३५ मीटर उंच आहे. तिथे दीड किलो दाब, म्हणजे १५ मीटर पाण्याचा स्तंभ हवा. नळांतल्या घर्षणाचे ५ मीटर धरले, तर पंपाजवळ ५५ मीटर, म्हणजे साडेपाच किलो दाब लागतो. त्यासाठी १० अश्वशक्तीची, सुमारे १४ अँपिअर घेणारी मोटर आहे. पूर्ण वेगाने पंप या दाबावर मिनिटाला सुमारे ४५० लिटर पाणी देतो. सगळे नळ बंद असताना तोच पंप पूर्ण वेगाने फिरला, तर दाब ७८ मीटरपर्यंत चढतो.

ड्राइव्ह चालू असताना हा ७८ चा आकडा कधीच दिसत नाही. रात्री कुणी पाणी वापरत नसेल, तर ड्राइव्ह वेग ४२ हर्ट्झपर्यंत खाली आणतो. त्या वेगाला नळ बंद असतानाचा दाब बरोबर ५५ मीटर होतो आणि थोड्या वेळात ड्राइव्ह पंपाला झोपवतो. बायपासवर मात्र पंपाला एकच वेग माहीत असतो. रात्री दोनला तो पूर्ण वेगाने फिरू लागला आणि त्याला थांबवणारे कुणी नसेल, तर पहिल्या मजल्याच्या नळावर साडेसात किलोच्या आसपास दाब येतो. साठवणुकीच्या अनेक गिझरवर ८ बार ही मर्यादा लिहिलेली असते. एक बार म्हणजे जवळपास एक किलोच. त्यामुळे पंप सुरू-बंद होतानाचा पाण्याचा धक्का मिळवला, तर सुरक्षिततेला जागाच उरत नाही. खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह असतात, पण वर्षानुवर्षे न उघडलेला व्हॉल्व्ह त्या रात्री काम करेलच असे नाही.

नळ बंद असताना फिरणाऱ्या पंपाचे हालही वेगळे. पाणी पुढे जात नाही, त्यामुळे मोटरीची शक्ती पंपातल्या पाण्यातच उष्णता होऊन मुरते. पंपात ८ लिटर पाणी आणि त्यात साडेतीन किलोवॉट शक्ती मुरते असे धरले, तर तापमान मिनिटाला सुमारे सहा अंशांनी वाढते. दहा मिनिटांत पाणी उकळीच्या जवळ जाते आणि दांड्यावरचे सील खराब होते. पंपाचे आवरण हात लावून पाहिले, की हे कळते. चालत्या पंपाचे आवरण गार असायला हवे.

म्हणून बायपासच्या वाटेत एक स्वतंत्र प्रेशर स्विच लागतो. समजा, तो ४.८ किलोला पंप चालू करतो आणि ६.३ किलोला बंद करतो. अतिदाब टळतो, पण लगेच दुसरी अडचण उभी राहते. ड्राइव्ह असलेल्या यंत्रणेत दाबाची टाकी मुद्दाम लहान ठेवतात. १०० लिटरची टाकी या दोन दाबांमध्ये जेमतेम २० लिटर पाणी देते. चार नळांतून मिनिटाला ४० लिटर पाणी जात असेल, तर ही टाकी अर्ध्या मिनिटात रिकामी होते आणि पंप तीन सेकंदांत ती पुन्हा भरतो. म्हणजे पंप तासाला शंभराहून अधिक वेळा सुरू होणार. ड्राइव्ह मोटरीला हळूहळू वेग देतो, तर थेट विजेवर सुरू होताना तीच मोटर नेहमीच्या सहा-सात पट, म्हणजे ८५ ते १०० अँपिअर खेचते. या आकाराच्या मोटरीला तासाला इतक्या सुरुवाती सोसत नाहीत. कॉन्टॅक्टरचे संपर्कही झिजतात. पंप सारखा ‘टक-धडाम’ करत राहिला, की ही अवस्था ओळखावी.

यावर उपाय आहेत. ज्या इमारतीत दोन पंप आणि दोन ड्राइव्ह असतात, तिथे एक पंप बायपासवर फक्त गर्दीच्या वेळी चालवायचा आणि दाब सांभाळण्याचे काम दुसऱ्या पंपाच्या ड्राइव्हवर सोपवायचे. एकच पंप असेल, तर जादा दाबाचे पाणी परत खालच्या टाकीत सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह बसवायचा आणि पंप सुरू झाला की किमान काही मिनिटे चालेल असा टायमर लावायचा. तेही नसेल, तर ड्राइव्ह दुरुस्त होईपर्यंत सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी दोन तास अशा वेळा जाहीर करून पाणी द्यायचे. बहुतेक घरांत तेव्हा नळ चालू असतात, त्यामुळे पंपालाही पाणी पुढे ढकलायला वाट मिळते. वेळ ठरवून येणाऱ्या पाण्याची पुणेकरांना सवय आहेच.

उलटा फिरणारा पंप

बायपासची एक फसवी चूक महिनोन्‌महिने दडून राहू शकते. तीन फेजची मोटर कोणत्या दिशेने फिरणार, हे फेजच्या क्रमावर ठरते. ड्राइव्ह आत येणारी वीज आधी एकदिश करतो, त्यामुळे आत येणाऱ्या फेजचा क्रम त्याला कळतही नाही आणि त्याला त्याचा फरकही पडत नाही. बाहेर तो स्वतःचा क्रम तयार करतो. बायपासवर मात्र मोटर थेट मुख्य विजेच्या क्रमाने फिरते.

समजा, रस्त्यावरची केबल दुरुस्त करताना किंवा इमारतीच्या जनरेटरची जोडणी बदलताना दोन फेज अदलाबदल झाले. ड्राइव्हवर पंप पूर्वीसारखाच चालतो. वर्षभराने ड्राइव्ह बंद पडतो, कुणीतरी बायपास घेतो आणि पंप उलटा फिरू लागतो. घोटाळा असा की उलटा फिरणारा सेंट्रिफ्यूगल पंप अगदीच कोरडा राहत नाही. तो थोडे पाणी आणि थोडा दाब देतो. खालच्या मजल्यांवर पाणी येते, वरच्यांवर येत नाही आणि सगळे ‘बायपासला दाबच नसतो’ असे समजतात. दाबमापकाचा काटा नेहमीच्या निम्म्यालाही पोहोचत नसेल, तर पहिला संशय दिशेचा घ्यावा. मोटरीच्या आवरणावरचा बाण आणि पंख्याची दिशा ताडून पाहिली की उलगडा होतो.

यावर फेजचा क्रम तपासणारा आणि एखादा फेज गेल्याचेही ओळखणारा रिले मिळतो. तो बायपासच्या वाटेत असायलाच हवा. कारण ड्राइव्ह बाजूला झाला, की त्याच्यासोबत त्याचा सारा पहाराही बाजूला होतो. एक फ्यूज उडून मोटर दोनच फेजवर चालू राहिली, तर उरलेल्या तारांतला प्रवाह खूप वाढतो आणि ती जळते. म्हणून मोटरीच्या पाटीवरच्या प्रवाहाला लावलेला ओव्हरलोड रिलेही बायपासमध्ये स्वतंत्र हवा. आपल्या उदाहरणात तो १४ अँपिअरच्या आसपास लावला जाईल. खालची टाकी रिकामी झाल्यावर पंप थांबवणारा फ्लोट स्विचही पुष्कळदा फक्त ड्राइव्हला किंवा पीएलसीला जोडलेला असतो. पुण्यात देखभालीसाठी अनेकदा गुरुवारी पाणी बंद असते. अशा दिवशी बायपासवरचा पंप कोरडा फिरून सील जाळू शकतो.

आपोआप की हाताने?

ड्राइव्ह गेल्याबरोबर बायपास आपोआप लागावा का? याचे उत्तर पंप कशासाठी आहे त्यावर अवलंबून आहे. अग्निशमन पंपाचा विचार वेगळा असतो. अमेरिकेतल्या एनएफपीए २० या मानकानुसार वेग बदलणारा अग्निशमन पंप असेल आणि त्याचा ड्राइव्ह निकामी झाला, तर नियंत्रकाने पंपाला थेट विजेवर घेतलेच पाहिजे. आग लागलेली असताना मोटर जळाली तरी चालेल, पाणी मिळाले पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. घरगुती पाण्याच्या पंपाला तो हिशेब लागू होत नाही. तिथे अर्धा तास पाणी नसणे परवडते, मोटर जळून दोन दिवस पाणी नसणे परवडत नाही. म्हणून सोसायटीच्या पाण्याच्या पंपासाठी हाताने फिरवायचा, शक्यतो किल्लीचा निवडस्विच बरा. रुग्णालयासारख्या ठिकाणी आपोआप बायपास हवाच असेल, तर तो फक्त ड्राइव्हच्या स्वतःच्या दोषांवर लागावा आणि जमिनीला गळती किंवा अतिप्रवाह दिसला तर अडून राहावा, अशी जोडणी करून घ्यावी लागते.

काही यंत्रणांत बायपास मुळातच चालत नाही. वीज वाचवणाऱ्या काही नव्या पंपांत कायमचुंबकी मोटर असते. ती थेट विजेवर सुरूच होत नाही, तिला ड्राइव्ह लागतोच. लहान पंपांत काही ड्राइव्ह एका फेजवर चालून मोटरीला २३० व्होल्टची तीन फेजची वीज देतात. त्या मोटरीला ४१५ व्होल्टवर थेट जोडले, तर ती जळणार. अशा ठिकाणी बायपासवर खर्च करण्यापेक्षा दुसरा पंप त्याच्या स्वतंत्र ड्राइव्हसह ठेवणे शहाणपणाचे. मात्र दोन्ही ड्राइव्ह एकाच पॅनेलमध्ये असतील, तर वीज कोसळून आलेला एकच झटका दोघांनाही घेऊन जाऊ शकतो. तारांवरचा झटका जमिनीत उतरवणारा सर्ज अरेस्टर म्हणूनच लागतो.

पुराच्या पाण्यापुढे बायपासचाही निभाव लागत नाही. २५ जुलै २०२४ रोजी मुसळधार पाऊस आणि खडकवासल्याचा विसर्ग यांमुळे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी भागात इमारतींमध्ये पाणी शिरले होते. असे पाणी पंपरूममध्ये आले, तर ड्राइव्ह, कॉन्टॅक्टर आणि मोटर सगळेच भिजतात. ओल्या पॅनेलवर बायपास घेणे म्हणजे जिवाशी खेळ. पॅनेल उघडून, सुकवून, मेगरने तपासल्याशिवाय त्याला वीज देऊ नये. नदीकाठच्या इमारतींनी पॅनेल तळघरातून वर, पुराच्या पातळीच्या वर घेणे हाच खरा उपाय.

बायपास वापरात नसतो, त्यामुळे तो बिघडलेला आहे हे गरज पडेपर्यंत कळत नाही. महिन्यातून एकदा, सकाळच्या गर्दीच्या वेळी, इलेक्ट्रिशियन समोर असताना पाच मिनिटे पंप बायपासवर चालवावा. तेवढ्यात पंख्याची दिशा, दाबमापकाचा आकडा आणि तिन्ही फेजमधला प्रवाह या तीन गोष्टी पाहून वहीत लिहाव्यात. तिन्ही प्रवाह जवळपास सारखे आणि पाटीवरच्या आकड्याच्या आत असावेत. मग खालच्या टाकीतला फ्लोट हाताने खाली करून पंप थांबतो का ते पाहावे. शेवटी निवडस्विच पुन्हा ड्राइव्हवर आणून पंप सुरू झाल्याची खात्री करावी आणि किल्ली पॅनेलवर न ठेवता वहीसोबत ठेवावी. पॅनेलच्या दारावर एक कागदही चिकटवावा : कोणते संदेश आल्यास बायपास घ्यायचा आणि कोणते आल्यास घ्यायचा नाही. रात्री पंप थांबेल, तेव्हा पंपरूममध्ये सर्वांत आधी पोहोचेल तो सुरक्षारक्षक, आणि त्याला तोच कागद वाचता येणार आहे.